तीन फोटो आणि एक पावती

पुण्याहून कोल्हापूरला निघालेली एक टुरिस्ट गाडी उदाहरणादाखल घेऊ. पेट्रोलवर चालणारी छोटी सेडान, टाकी ३७ लिटरची. निघताना चालकाने पंपावर टाकी फुल केली आणि डॅशबोर्डचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : किलोमीटर ४८,२१६, काटा F वर. दुपारी कोल्हापुरात पोचल्यावर दुसरा फोटो गेला : ४८,४५१, काटा पाऊण टाकीवर. दुसऱ्या दिवशी जोतिबा, पन्हाळा करून परत फिरताना साताऱ्याजवळच्या पंपावर तिसरा : ४८,६४२, काटा पाव टाकीवर.

ऑफिसात बसलेल्या माणसाने हिशेब मांडला. पहिल्या दिवशी गाडी २३५ किलोमीटर चालली आणि पाव टाकी, म्हणजे सव्वानऊ लिटर पेट्रोल गेलं. ॲव्हरेज निघालं २५.४. दुसऱ्या दिवशी गाडी चालली १९१ किलोमीटर आणि काटा पाऊणवरून पाववर आला, म्हणजे अर्धी टाकी, साडेअठरा लिटर. ॲव्हरेज १०.३. लगेच फोन लागला : "दादा, काल पंचवीस देणारी गाडी आज दहावर कशी आली? आठ-दहा लिटर गेलं कुठे?" चालकाकडे एकच उत्तर होतं : "साहेब, गाडी तीच, पाय तोच."

चालक खरं बोलत होता. पेट्रोल कुठेच गेलेलं नव्हतं. चुकलं होतं ते फोटो वाचणं. अशा हिशेबावरून चालकांच्या पगारातून पैसे कापले जातात, कुणाची कामं जातात, म्हणून हे वाचन नीट समजून घ्यायला हवं. घरच्या गाडीलाही हेच लागू पडतं. 'आपली गाडी हल्ली ॲव्हरेज देत नाही' ही तक्रार पुष्कळदा काट्याकडे बघूनच केलेली असते.

डॅशबोर्डच्या एका फोटोत दोन मापं असतात आणि दोघांचा नेमकेपणा जमीन-अस्मानाइतका वेगळा असतो. किलोमीटरचा आकडा एकेका किलोमीटरपर्यंत बोलतो. काटा मात्र 'इतपत आहे' एवढंच सांगतो. काट्याची जाडी, खुणांमधलं अंतर आणि बघणाऱ्याचा डोळा धरला तर ३७ लिटरच्या टाकीत दीड-दोन लिटरचा फरक काट्यावर कळतही नाही. दोन लिटर म्हणजे त्या गाडीचे पस्तीसएक किलोमीटर. एक माप काटेकोर आणि दुसरं ढोबळ असेल, तर भागाकाराचं उत्तर ढोबळच येणार, मग कॅल्क्युलेटरवर दशांशचिन्हापुढे कितीही आकडे दिसोत.

किलोमीटरचा आकडा भरवशाचा असला तरी तो योग्य आकडा असायला हवा. आजच्या बहुतेक गाड्यांत एकाच चौकटीत, बटण दाबलं की ODO, TRIP A आणि TRIP B असे आकडे आलटून पालटून दिसतात. ODO म्हणजे गाडी शोरूममधून निघाल्यापासूनचा एकूण प्रवास; तो शून्यावर आणता येत नाही. ट्रिप कधीही शून्य करता येते आणि तिच्यात शंभर मीटरचा दशांश दिसतो. घाईत काढलेल्या फोटोत ४२६.० हा ट्रिपचा आकडा असतो आणि वाचणारा बिंदू न दिसल्यामुळे तो ४२६० वाचतो. फोटोत ODO ही अक्षरं आली आहेत की नाहीत, हे म्हणूनच आधी बघायचं.

आकडा वाचण्यातही घोटाळा होतो. डिजिटल आकडे सात छोट्या पट्ट्यांचे बनतात. काचेवर उन्हाची तिरीप पडली आणि एखादी पट्टी दिसेनाशी झाली, की ८ चा ६ किंवा ९ होतो. काही डिस्प्ले डोळ्यांना स्थिर वाटले तरी फार वेगाने लुकलुकत असतात. कॅमेऱ्याने तो क्षण नेमका पकडला तर आकड्यावर काळा आडवा पट्टा येतो. यावर सोपा उपाय म्हणजे मागचा फोटो शेजारी ठेवून वाचणं. ODO फक्त वाढतो. कोल्हापूरच्या फोटोत ४८,४५१ ऐवजी ४८,४३१ वाचलं असतं, तर पुणे ते कोल्हापूर २१५ किलोमीटर भरलं असतं. हा रस्ता २३० च्या आसपास आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती चूक तिथल्या तिथे दिसली असती.

आता काटा. पेट्रोलच्या टाकीत एक पोकळ तरंगता गोळा असतो, एका तारेच्या दांड्याला जोडलेला. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली जातो, दांडा कलतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या पट्टीवर विजेचा विरोध बदलतो. त्या बदलावर काटा हलतो. म्हणजे काटा पेट्रोल मोजत नाही. गोळा किती उंचीवर आहे ते सांगतो. टाकी चौकोनी डब्यासारखी असती तर दोन्ही गोष्टी एकच झाल्या असत्या. पण गाडीची टाकी मागच्या सीटखाली, सायलेन्सरचा पाइप, चाकाचा दांडा वगैरे चुकवत बसवलेली असते. कुठे फुगलेली, कुठे आवळलेली. वरच्या एक सेंटिमीटरमध्ये जेवढं पेट्रोल असतं तेवढं खालच्या एका सेंटिमीटरमध्ये असेलच असं नाही.

त्यात आणखी दोन गोष्टी मिळतात. टाकी काठोकाठ भरली की गोळा वर जाऊन अडकतो. पुढचे काही लिटर संपेपर्यंत तो तिथेच राहतो आणि काटा F वर चिकटून बसतो. 'पहिले साठ-सत्तर किलोमीटर काटाच हलत नाही' असं चालक म्हणतात ते यामुळे. दुसऱ्या टोकाला, काटा E ला टेकतो तेव्हाही टाकीत थोडं पेट्रोल उरेल अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. वर काटा उशिरा निघतो आणि खाली लवकर पोचतो. मधल्या पट्ट्यात तो साहजिकच भरभर खाली येतो. आपल्या गाडीचं पहिल्या दिवशीचं पंचवीस आणि दुसऱ्या दिवशीचं दहा यांतला मोठा वाटा या चालीचाच आहे.

उरलेला वाटा फोटो कुठून काढला यात आहे. काटा तबकडीला चिकटलेला नसतो. तिच्यापासून तीन-चार मिलिमीटर पुढे असतो. समोरून बघितलं तर तो ज्या खुणेवर आहे तीच खूण दिसते. बाजूने बघितलं की तो सरकलेला भासतो. कोल्हापूरचा फोटो चालकाने काढला नव्हता. तो सामान उतरवत होता, म्हणून डावीकडच्या सीटवर बसलेल्या प्रवाशाने हात लांब करून काढला. आपल्याकडे चालक उजवीकडे. डावीकडून बघणाऱ्याला काटा तबकडीवर उजवीकडे सरकलेला दिसतो, आणि या गाडीत E डावीकडे, F उजवीकडे आहे. सरळ अर्थ असा की गाडीत असल्यापेक्षा जास्त पेट्रोल दिसलं. काटा चार मिलिमीटर पुढे आणि फोन चाळीस अंशांत तिरका असेल, तर हा सरक साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास जातो. E पासून F पर्यंतचं अंतर जेमतेम चार सेंटिमीटर असलेल्या तबकडीवर साडेतीन मिलिमीटर म्हणजे टाकीचा सुमारे बारावा भाग, तीन लिटर.

चालकाच्या डोळ्यांच्या जागेवरून तोच फोटो काढला असता तर काटा पाऊणवर नाही, दोन तृतीयांशावर दिसला असता. ज्या गाड्यांत ही पट्टी उभी असते, F वर आणि E खाली, तिथे फोन उंच धरला की उलटं होतं आणि पेट्रोल कमी दिसतं. काट्याऐवजी डिजिटल कांड्या असतील तर तिरकेपणाचा प्रश्न येत नाही, पण आठ कांड्यांमधली एक कांडी म्हणजे साडेचार लिटरहून जास्त. सहावी कांडी नुकतीच लागली आहे की आता विझणार आहे, हे फोटोत कळायला काही मार्ग नाही.

म्हणून फोटो काढायचा तो गाडी सपाट जागी उभी करून, चावी ऑन ठेवून, काटा स्थिर व्हायला अर्धा मिनिट देऊन, फोन डोळ्यांसमोर सरळ धरून. चावी बंद केली की बऱ्याच गाड्यांत काटा E वर पडतो, आणि तो फोटो पाहून ऑफिसात विनाकारण धावपळ होते. चढावर उभ्या गाडीत पेट्रोल टाकीच्या एका अंगाला जमतं, त्यामुळे पन्हाळ्याच्या रस्त्यावर काढलेल्या फोटोवरून काही ठरवू नये. वेळेचीही नोंद हवी. फोनमधल्या मूळ फोटोत तारीख-वेळ साठवलेली असते, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. डॅशबोर्डवरचं घड्याळ चौकटीत घेणं हा त्याहून सोपा मार्ग.

मग खरं ॲव्हरेज कळणार कशावरून? पावतीवरून. साताऱ्याजवळ तिसरा फोटो काढल्यावर चालकाने पुन्हा टाकी फुल केली आणि नोझल आपोआप बंद झाला तेव्हा मशीनवर २४.६ लिटर दिसत होते. सुरुवातीला टाकी नोझल कट होईपर्यंत भरलेली होती आणि आताही तशीच भरली, म्हणजे मधल्या प्रवासात २४.६ लिटर जळले. किलोमीटर ४८,६४२ वजा ४८,२१६, म्हणजे ४२६. भागिले २४.६. उत्तर १७.३. पंचवीसही नाही आणि दहाही नाही. एसी लावून, घाट चढून, गावात गर्दीत अडकून छोट्या सेडानने एवढं द्यावं यात शंका घेण्यासारखं काही नाही. या हिशेबात काट्याच्या फोटोचा उपयोगच केलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. किलोमीटर फोटोतून आले आणि लिटर पंपाच्या मशीनमधून.

याही पद्धतीला मर्यादा आहे. सगळे नोझल एकाच पातळीला कट होत नाहीत. पेट्रोल जोरात सोडलं तर फेस येतो आणि नोझल लवकर बंद होतो. गाडी थोडी कललेली असली तर टाकीत हवा कोंडून राहते. एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. २४.६ मध्ये एक लिटर इकडेतिकडे झाला तर ॲव्हरेज १६.६ ते १८ यांच्या मधे कुठेही येईल. पण पाच वेळा टाकी फुल करून सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर एकत्र धरले, तर मधल्या चुका एकमेकींत मिटतात, कारण एका वेळी कमी भरलं तर पुढच्या वेळी तेवढंच जास्त मावतं. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरणीतली चूक. सव्वाशे लिटरमध्ये ती टक्काभरही भरत नाही. नोझल कट झाल्यावर रक्कम पूर्ण करायला 'अजून थोडं टाका' म्हणणं टाळावं. त्याने हिशेबही बिघडतो आणि पेट्रोलची वाफ अडवायला बसवलेल्या कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल शिरण्याची भीती असते. पंपाच्या मापाबद्दलच शंका असेल, तर प्रत्येक पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागून पडताळणी करता येते. तो ग्राहकाचा हक्क आहे.

काट्याचे फोटो मग टाकून द्यायचे का? अजिबात नाही. त्यांचं काम वेगळं आहे. साताऱ्याला काटा पाववर होता आणि टाकीत २४.६ लिटर मावले. ३७ मधून ते वजा केले तर उरतात १२.४. म्हणजे या गाडीत काटा पाव टाकी दाखवतो तेव्हा आत सव्वानऊ नाही, सव्वाबारा-साडेबारा लिटर असतात. प्रत्येक वेळी पंपावर शिरताना भरण्याआधी एक फोटो आणि भरल्यावर पावतीचा एक फोटो, अशी जोडी पाच-सहा वेळा जमली की त्या गाडीच्या काट्याची खरी भाषा कळते. समजा, काटा अर्ध्यावर असताना १८ लिटर मावले, तर आत १९ होते. पिवळा दिवा लागल्या लागल्या भरलं आणि ३१ मावले, तर दिव्याच्या वेळी ६ शिल्लक असतात. कोल्हापूरच्या फोटोचा खुलासाही इथे होतो. १७.३ च्या हिशेबाने २३५ किलोमीटरला साडेतेरा लिटर गेले होते. उरले साडेतेवीस, म्हणजे टाकीच्या ६३ टक्के. सरळ पाहिलेला काटा दोन तृतीयांशावर, म्हणजे ६७ टक्क्यांजवळ असता. खरी पातळी फोटोपासून इतकी जवळच होती.

टाकीचे ३७ लिटर हा कंपनीने सांगितलेला आकडा असतो. पेट्रोल तापून फुगण्यासाठी सोडलेली जागा आणि भरण्याच्या नळीतली जागा धरली तर त्याहून थोडं जास्त मावू शकतं. '३७ च्या टाकीत ३८ लिटर भरले' यावरून पंपावर होणारी भांडणं पुष्कळदा यातून उभी राहतात. आपल्या तक्त्यात यामुळे लिटर-दोन लिटर पुढेमागे होतील. पण ती चूक शिल्लक कमी धरण्याच्या बाजूची आहे, त्यामुळे चालकाचं नुकसान करत नाही.

हा तक्ता हातात असला की 'आता आणखी किती जाईल' या प्रश्नाचं उत्तर देता येतं. साताऱ्याला न भरता थेट पुण्याला निघायचं ठरलं असतं तर? पुढे सुमारे ११० किलोमीटर. १२.४ लिटर गुणिले १७.३, म्हणजे २१४ किलोमीटर, हा आकडा फार मोहात पाडणारा आहे. पण तो वापरायचा नाही. पुढच्या रस्त्यासाठी सरासरी नाही, तर आपल्याच नोंदीतलं सगळ्यात कमी ॲव्हरेज धरायचं. समजा ते १५ आहे. आणि दिव्याखालचे ६ लिटर हिशेबातच घ्यायचे नाहीत. उरतात ६.४ लिटर, म्हणजे ९६ किलोमीटर. पुणं ११० वर. तेव्हा साताऱ्यातच भरायचं.

ते ६ लिटर सोडण्याला ठोस कारण आहे. आजच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा विजेवर चालणारा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. रोज दिवा लागेपर्यंत गाडी पळवली की तो पंप तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. शिवाय साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्याच्या तोंडाशी किंवा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रविवारी संध्याकाळी तासभर रांगेत उभं राहावं लागू शकतं. त्या तासात एसी चालू असलेली गाडी पेट्रोल जाळते आणि किलोमीटर मात्र वाढत नाहीत. चालक हे अनुभवाने जाणतो. ऑफिसातल्या माणसाला ते आकड्यांत दिसायला हवं.

नव्या गाड्यांत 'इतके किलोमीटर जाईल' असा तयार आकडाही डॅशबोर्डवर दिसतो आणि लोक त्याचाही फोटो पाठवतात. तो आकडा टाकीतल्या पातळीला नुकत्याच झालेल्या प्रवासाच्या ॲव्हरेजने गुणून काढलेला असतो. पन्हाळा चढताना तो धडाधड उतरतो आणि महामार्गाला लागल्यावर, पेट्रोलचा थेंबही न भरता, पुन्हा चढतो. त्यात बिघाड काही नाही; गाडी मागचा रस्ता पुढेही तसाच असेल असं धरून चालते. घाट संपल्यावर लगेच काढलेला फोटो आणि महामार्गावर अर्धा तास गेल्यानंतरचा फोटो यांत म्हणूनच मोठी तफावत दिसते.

कंपनीने जाहीर केलेल्या ॲव्हरेजने गुणण्याचाही मोह होतो. तो आकडा खोटा नसतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चढवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवून तो काढतात. तिथे वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. दोन मॉडेलांची तुलना करायला तो उत्तम, पण आपल्या गाडीत, आपल्या माणसांनिशी, आपल्या रस्त्यावर किती जाता येईल हे त्यातून कळत नाही.

किलोमीटरच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. १८५/६५ आर १५ मापाचा टायर नवा असताना त्याचा व्यास ६२ सेंटिमीटरच्या आसपास असतो. खोल नक्षी आठ मिलिमीटरवरून दोनवर आली की व्यास बारा मिलिमीटरने घटतो, म्हणजे जवळपास दोन टक्क्यांनी. तेवढंच अंतर कापायला चाकाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि ODO जास्त दाखवतो. आपल्या गाडीचे टायर झिजलेले असतील तर ते ४२६ किलोमीटर खरे ४१८ असतील आणि ॲव्हरेज १७.३ ऐवजी १७. नवे टायर टाकल्यावर 'ॲव्हरेज पडलं' असं वाटण्यामागे बरेचदा एवढंच असतं. महामार्गावर किलोमीटरचे दगड बघत पन्नास किलोमीटर ट्रिपशी ताडून पाहिले की आपल्या गाडीचा हा फरक सापडतो. टायर बदलले, तर त्या तारखेपासून नोंदवहीत नवं पान सुरू करायचं आणि जुन्या पानावरचे आकडे त्यात मिसळायचे नाहीत.